पाऊस कापला त्या रविवारी

गेम जॅम संपला की पोस्टमॉर्टेम लिहायची रीत आहे. म्हणजे काय जमलं, काय फसलं, काय कापलं, कुठला बग सापडला म्हणून वाचलो, हे सगळं गेमच्या पानाखाली लिहून टाकायचं. आम्हीही लिहिलं, इंग्रजीत, चार परिच्छेद, अगदी शहाण्या मुलींसारखं. माझ्या मैत्रिणीची आई बाजूला भाजी निवडत बसली होती. तिनं विचारलं, काय करताय गं. मी म्हटलं, मावशी, पोस्टमॉर्टेम. तर तिच्या हातातली मेथी खाली पडली. "आगो बाय, कोन मेला?"

कुणी मेलं नव्हतं. मरता मरता वाचलं होतं. पण त्या चार परिच्छेदांत खरी गोष्ट आलीच नाही, म्हणून हे दुसरं पोस्टमॉर्टेम, मराठीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. शुक्रवारी संध्याकाळी एक विषय जाहीर होतो आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्या विषयावर एक गेम बनवून वेबसाइटवर चढवायचा. याला जॅम म्हणतात. पैसे मिळत नाहीत, झोप जाते, आणि तरी माणसं पुन्हा पुन्हा करतात. आम्ही दोघींनी याआधी दोन जॅममध्ये नाव घातलं होतं आणि दोन्ही वेळा रविवारी संध्याकाळी हात चोळत बसलो होतो. गेम तयार होता, फक्त चालत नव्हता. माझी आजी म्हणायची, अंथरूण पाहून पाय पसरावेत. आमचे पाय तिसऱ्याच्या घरात.

मैत्रीण आणि मी वालीवच्या एका गाळ्यात भेटलो. पाकिटं छापायचा कारखाना. मी तिथे कॉम्प्युटरची कामं बघायचे, ती मसाल्याच्या पाकिटांवरची मिरची काढायची. तिनं काढलेली मिरची बघून ठसका लागायचा, इतकी जिवंत. पुढे मी सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले, ती मिरच्याच काढत राहिली. घरी येऊन मात्र गेमसाठी चित्रं काढायची. झाडं, घरं, चालणारी माणसं. सगळी मोबाइलमध्ये पडून.

या वेळी मात्र गंमत नव्हती. गेम बनवणाऱ्या एका छोट्या स्टुडिओनं तिची चित्रं बघून तिला कळवलं होतं की चित्रं छान आहेत, पण एक तरी पूर्ण झालेला गेम दाखवा, ब्राउझरमध्ये खेळता येईल असा. सोमवारपर्यंत लिंक पाठवा. पूर्ण झालेला असा एकही गेम तिच्यापाशी नव्हता. मिरच्या होत्या. त्यामुळे रविवारी संध्याकाळी आमचा गेम चढला तर तिला लिंक, नाही चढला तर पुन्हा पाकिटं. हे ती बोलली नाही. एकदाच म्हणाली, "या वेळी होईल ना गं?" आणि मी तोंड वर करून सांगितलं, होणारच.

तिचं घर गासच्या पलीकडे, जुन्या मिठागरांच्या बाजूला. थोडी भातशेती, घरामागे भाजीची वाडी, वाडीत बावखल. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरावं म्हणून खणलेलं तळं, आमच्या वसईत जुन्या वाड्यांतून अजून आहेत थोडी. मी वसईच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, बाबा साताऱ्याकडून आलेले, शाळेत मराठी शिकवायचे. आमच्या घरी एखादा अनुस्वार चुकला तर जेवण थांबायचं. जॅमसाठी मी लॅपटॉप घेऊन शुक्रवारी स्कूटरनं तिच्याकडे जाऊन राहिले, कारण तिथे शांतता आणि मावशीच्या हातचं जेवण. नेट यथातथाच होतं, पण माझ्या मोबाइलला रेंज येत होती.

विषय जाहीर झाला: उरलेलं. मी डोकं खाजवतच होते, तिनं खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "बावखल." बास. भर उन्हाळा, बावखलात थोडंच पाणी उरलंय, वाडीत वांगी, मिरची, केळी, पानवेल. पाटातून पाणी सोडायचं, कुठल्या वाफ्याला द्यायचं, कुठला वाळू द्यायचा ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. साधं, सुंदर. तिथेच थांबलो असतो तर हे पोस्टमॉर्टेम लिहायची वेळ आली नसती.

पण नाही. पोळी खाता खाता आम्ही त्यात बाजार घातला, भाव घातले, तीन ऋतू घातले, पाणी चोरणारा शेजारी घातला, त्याच्याशी भांडण घातलं, वाफे तुडवणारी गाय घातली. पाऊस मी घातला. पाऊस माझा हट्ट. थेंब पडतात, मातीचा रंग बदलतो, बावखलावर वर्तुळं उठतात. मी तो शुक्रवारीच लिहून काढला. बघत राहावं असा झाला होता, मी स्वतःच बघत बसले होते.

शनिवारी सकाळी भांडण. तिनं पहिली पातळी खेळून बघितली आणि म्हणाली, फार कठीण आहे, पाणी पोचेपर्यंत केळ मरते. मी माझ्या लॅपटॉपवर खेळले, डोळे मिटून जिंकले. म्हटलं, तुला खेळता येत नाही. ती म्हणाली, तूच बनवलंयस, तुला येणारच. मी वाफ्यांची तहान वाढवली, तिनं कमी केली, मी पुन्हा वाढवली. दुपारपर्यंत असा तमाशा. शेवटी वैतागून मी तिच्या लॅपटॉपवर खेळायला बसले, आणि माझीही केळ मेली.

मग डोक्यात प्रकाश पडला. मी पाटातलं पाणी पडद्याच्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे चित्र नव्यानं उमटेल तितक्या वेळा, एक पाऊल पुढे ढकलत होते. माझा लॅपटॉप नवा, तो सेकंदाला भरपूर फ्रेम काढायचा, म्हणून पाणी धावायचं. तिचा जुना, तो निम्म्याच काढायचा, म्हणून पाणी रांगायचं. वाफ्यांची तहान मात्र घड्याळावर चालत होती. दोघी खरं बोलत होतो आणि दोघी वेगवेगळा गेम खेळत होतो. पाण्याचा वेगही घड्याळावर बांधला, म्हणजे दोन फ्रेममध्ये जेवढा वेळ गेला तेवढंच पाणी पुढे, आणि भांडण मिटलं. नवशिक्याची चूक आहे ही. नोकरीत ज्युनिअरनं केली असती तर मी त्याला सोललं असतं.

पण अर्धा दिवस गेला होता, आणि मी तडकले. कागद घेतला आणि सपासप काट मारायला सुरुवात केली. बाजार? गेला. भाव? गेले. ऋतू? उन्हाळा एकच पुरे. शेजारी? गेला, त्याचं भांडणही गेलं, भांडायला आम्ही होतो. गायीवर आले तशी तिनं माझा हात धरला. गाय तिनं रात्रभर काढली होती, चालताना मान हलायची, शेपटीनं माशी हाकायची. पण वाटेत वाफा आला की ती गाय त्यात अडकून जागच्या जागी चालत राहायची, आणि तिला वळायला शिकवायचं म्हणजे माझा आणखी एक दिवस. "गाय नको ना मारूस," ती म्हणाली. अगं, मारते कुठे! शेवटी गायीला पहिल्या पानावर उभी केली, गेमच्या नावाशेजारी. चालत नाही, नुसती शेपटी हलवते. जॅममध्ये ज्यांनी ज्यांनी गेम खेळला त्यांना सगळ्यात जास्त आवडली ती गाय.

संगीतही कापलं. त्याऐवजी मावशीनं हौदात बादली ओतली, पंप चालू केला, वाफ्यात फावडं मारलं, आणि आम्ही मोबाइल धरून मागे मागे. मावशी म्हणाली, "आमी रोज करताव तवा कोनी ऐकाला येत नाय."

रविवारी सकाळी तिनं मला तिच्या शांत आवाजात सांगितलं, "पाऊस काढूया."

मला वाटलं थट्टा करतेय. मी म्हटलं, पाऊस तयार आहे, एकही बग नाही, त्याला का हात लावायचा? ती म्हणाली, "पाऊस पडला तर उरलेलं काय राहिलं? माणूस पावसाची वाट बघत बसेल. निवडणारच नाही." आणि वर म्हणाली, "आमच्याकडे मे महिन्यात कोणी आकाशाकडे बघत नाही. बावखलाकडे बघतात."

मी रुसले. सांगायला लाज कसली, चांगली तासभर रुसले, अंगणात जाऊन कोंबड्यांशी बोलले. पण ती बरोबर होती, आणि ते मला तिनं तोंड उघडलं तेव्हाच कळलं होतं. परत येऊन पाऊस काढला. काढायला काय, चार-पाच ओळी. इतक्या कमी ओळी काढल्यावर काय बिघडणार, म्हणून खेळूनही बघितलं नाही. तिनं बनवलेल्या तिन्ही पातळ्यांसकट सरळ वेबसाइटवर चढवून टाकलं. अर्धवट का होईना, एक प्रत दुपारीच वर असली पाहिजे, हे मागच्या दोन जॅमनी शिकवलं होतं. आम्ही केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच, कारण आमच्या कॉम्प्युटरवर जे दिसत नव्हतं ते ब्राउझरमध्ये दिसलं.

काय दिसलं? चौकोन. गेममधलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा, नुसते रिकामे चौकोन. आवाज बंद. शेपटी हलवणारी गाय आणि तिच्याशेजारी पाच चौकोन. मैत्रीण पांढरी पडली.

"घाबरू नकोस," मी म्हटलं, आतून मीच घाबरलेली. पण हे ओळखीचं दुखणं होतं. आपल्या कॉम्प्युटरवर देवनागरी फॉण्ट असतोच, गेम तो गुपचूप उसना घेतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गेमला असा उसना मिळत नाही, फॉण्ट गेमच्या पोटातच भरून पाठवावा लागतो. भरला. आवाजाचंही तसंच. खेळणाऱ्यानं पानावर एकदा क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज सोडत नाही, म्हणून पहिल्या पानावर 'सुरू' असं बटण टाकलं. पुन्हा चढवलं. अक्षरं आली, बादलीचा आवाज आला, आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

आणि बावखलात पाणी शून्य.

पहिल्या पातळीत शून्य, दुसरीत शून्य, तिसरीत शून्य. पाट उघडला तरी कोरडा. सगळी वाडी आमच्या डोळ्यांदेखत वाळून गेली. मघाशी आकड्यांच्या जागी चौकोन होते, म्हणून हे शून्य दिसलंच नव्हतं. संध्याकाळ व्हायला आली होती. मावशी चहा घेऊन आली, पडद्यात डोकावली आणि म्हणाली, "बावखलात पानी कसा नाय?" तिला काय सांगणार!

मी माझा कोड वाचला. पातळीच्या फाइलीत किती पाणी आहे ते बघ, तेवढं बावखलात भर, नोंद सापडली नाही तर शून्य धर. बरोबर होतं. मी मैत्रिणीला म्हटलं, तुझ्या पहिल्या फाइलीत काय लिहिलंयस ते वाच. तिनं तिच्या पडद्यावरून वाचलं, "पाणी, चाळीस." माझ्याकडेही 'पाणी'च. मग शून्य येतं कुठून? मी पाट तपासले, वाफे तपासले, तिच्या फाइली उघडतात तरी का ते तपासलं, उघडत होत्या. पुन्हा विचारलं, नीट वाच. "पाणी, चाळीस." माझा आवाज चढला, तिचा उतरला. हातात जेमतेम तास उरला असेल.

शेवटी मी सगळ्या फाइलींमध्ये एकदम 'पाणी' हा शब्द शोधला. माझ्या फाइलीत सापडला. तिच्या एकाही फाइलीत नाही. मी तिचा लॅपटॉप माझ्याकडे ओढला.

पानी. चाळीस.

तिन्ही फाइलींत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पानी. काखेत कळसा म्हणतात तो हा. कॉम्प्युटरला न आणि ण म्हणजे दोन वेगळी अक्षरं, त्याला 'पाणी' सापडलं नाही, त्यानं शून्य धरलं. आणि हे आधी का कळलं नाही? माझ्या पावसामुळे. पाऊस माझ्या कोडमधला, तो माझ्या 'पाणी'त थोडी थोडी भर घालत होता. त्यामुळे आकडा हलायचा. मला वाटायचं तिनं पाणी कमी ठेवलंय, तिला वाटायचं मी. पाऊस कापला नसता तर ही चूक कधी दिसलीच नसती, आणि तिचं चाळीस पाणी कुणालाच मिळालं नसतं.

मला हसू आलं. मी मोठ्यानं हसलेच, सुटल्याच्या आनंदात. मग तिच्याकडे बघितलं तर तिचे कान लाल.

"सॉरी," ती म्हणाली. "घाईत टाइप केलं. घरच्यासारखं झालं."

मग माझ्या ध्यानात आलं. दोनदा मी तिला वाचायला लावलं होतं. दोन्ही वेळा समोर 'पानी' लिहिलेलं असताना तिनं मला 'पाणी' वाचून दाखवलं. मुद्दाम नाही. माझ्याशी बोलताना तिची जीभ आपोआप ण म्हणायची. वालीवच्या गाळ्यापासून, इतकी वर्षं, माझ्याशी एकही शब्द ती घरच्यासारखा बोलली नव्हती, आणि मला ते कळलंही नव्हतं. तिच्याच घरात बसून, तिच्या आईच्या हातचं जेवून, मी तिला परकी. मी लॅपटॉप तिच्याकडे परत सरकवला.

"मी बदलते," ती म्हणाली. "तुझंच बरोबर आहे."

"बरोबर कसलं डोंबलाचं!" मी ओरडलेच. "वाडी कुणाची आहे? बावखल कुणाचं? मी बदलते. माझ्याकडे एकाच जागी आहे."

खरं तर दोन्हीकडे काम सारखंच होतं. शोधून बदलायला किती वेळ लागतो! पण तोच शब्द पडद्यावर, बावखलाच्या वर, मोठ्या अक्षरांत उमटणार होता, आणि तिला ती भीती होती. "स्टुडिओवाले बघतील," ती म्हणाली. "म्हणतील हिला साधं लिहिता येत नाही. तुझं ठीक आहे गं, लिंक माझ्या नावावर जाणार." नोकरी तिची, नाव तिचं. माझ्या उमाळ्यासाठी तिनं का मार खायचा? मी म्हटलं, तू सांगशील ते. पण लवकर सांग.

मी तोवर चाचणीसाठी म्हणून माझा शब्द बदलला, गेम चालू केला आणि समोर उभ्या मावशीच्या हाती माउस दिला. कुणीतरी तिसऱ्यानं खेळून बघायलाच हवं होतं. मावशी पाचवीपर्यंत शिकलेली, सावकाश एकेक अक्षर लावून वाचते. शनिवारी तिनं गेम नुसता उघडून बघितला होता, तेव्हा 'पाणी'वर बोट ठेवून लेकीला विचारलं होतं, हे काय गं. या वेळी तिनं वाचलं, "पानी. चाळीस." थांबली नाही, विचारलं नाही. पाट उघडला, आधी पानवेलीला दिलं, मग मिरचीला, केळीला हात आखडता घेतला. "केळ धीर धरते," असं स्वतःशीच म्हणाली. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पुरवून ती जिंकली. पहिल्याच खेपेला. पाण्याचा वेग घड्याळावर बांधल्यापासून मी आठ वेळा हरले होते त्याच पातळीवर.

मैत्रीण आईकडे बघत होती. मग म्हणाली, "राहू दे."

"काय?"

"तसंच राहू दे. चढव."

चढवलं. ऐन वेळी मोबाइलची रेंज गेली, मी फोन घेऊन माळ्याच्या शिडीवर चढले, ती अपलोडची निळी पट्टी भरेपर्यंत तिथेच उभी राहिले. भरली. आमचं नाव यादीत आलं. मावशीनं विचारलं, आता पैसे मिळतील का, तर आम्ही दोघी पोट धरून हसलो.

सोमवारी तिनं लिंक पाठवली. दोन दिवसांनी गेमच्या पानावर कुणीतरी प्रेमळपणे लिहिलं, गेम सुरेख, फक्त शुद्धलेखन तपासा, पाणी असं लिहितात. माझं टाळकं सटकलं, मी उत्तर टाइप करायला घेतलं, चांगलं झणझणीत. पाठवणार तोच खाली तिचं उत्तर आलं: 'आमच्या वाडीत पानीच असतं.' मी माझं पुसून टाकलं.

आठवड्यानं तिचा फोन आला. मी ऑफिसात होते, जिन्यात जाऊन घेतला. ती धापा टाकत होती, बहुतेक वाडीतून पळत आली असावी.

"अगं, त्यांनी बोलवलंय. गुरवारी. कोन कोन असनार, काय विचारनार, काय ठाव नाय. माजा तर जीव वर-खाली होताय. आनि आयक, मी तिकडं पन आशीच बोलनार. ठरवलंय मी. चालंल ना गं?"

एरवी प्रत्येक गोष्टीवर माझ्याकडे मत तयार असतं. जिन्यात उभी राहून मी डोळे पुसले, नाक ओढलं.

"चालंल," म्हटलं. "चालंल गं बाय."